चाळीस मिलिव्होल्टचा हिशोब: मे महिन्यातही न जळणारा क्लास एबी अँप्लिफायर

मे महिन्यात माझ्या दुकानात येणाऱ्या जळक्या अँप्लिफायरांची गोष्ट साधारण एकच असते. हिवाळ्यात भजनाला, काकड्याला मशीन छान चाललं. उन्हाळ्यात लग्नाच्या मांडवात किंवा सप्ताहाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी आवाज फाटला, मग धूर निघाला. आणणारा म्हणतो, "भाऊ, आवाज तर वाढवलाच नव्हता, काहून जळलं?" तो खरं सांगत असतो. बहुतेक वेळा ते आवाजाने जळलेलंच नसतं. शांत असतानाच आतून तापत गेलेलं असतं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या भजन मंडळाचं असंच एक मशीन आलं. खंजिरी, हार्मोनियम आणि दोन माइक एवढ्यासाठी कुणीतरी हाताने बांधलेलं, आठ ओहमवर साधारण ४५ वॅटचं. ते दुरुस्त करताना जे जे मोजलं आणि बदललं, ते क्रमाने सांगतो. तसंच मशीन नव्याने बांधणाऱ्यालाही तोच क्रम कामी येईल. सर्किट नेहमीचंच आहे: पुढे डिफरन्शियल जोडी, मग व्होल्टेज वाढवणारा ट्रान्झिस्टर, त्यानंतर टीआयपी ४१सी आणि ४२सी हे ड्रायव्हर, शेवटी २एससी ५२०० आणि २एसए १९४३ ही आउटपुट जोडी. ट्रान्सफॉर्मर २५-०-२५ व्होल्टचा, म्हणजे रेल रिकाम्या असताना वर-खाली ३४ व्होल्टच्या आसपास. पुढच्या टप्प्यांवर मी थांबत नाही. मशीन जळतं ते ड्रायव्हर आणि आउटपुटच्या बायसमुळे.

बायस नेमका कशासाठी

आउटपुटचा वरचा ट्रान्झिस्टर सिग्नलचा धन अर्धा भाग सांभाळतो, खालचा ऋण. प्रत्येकाला चालू व्हायला बेस-एमिटरमध्ये साधारण ०.६ व्होल्ट लागतात. दोघांच्या बेसमध्ये काहीच अंतर ठेवलं नाही, तर सिग्नल शून्यातून जाताना एक बंद झालेला असतो आणि दुसरा अजून उठलेला नसतो. त्या फटीत आवाज तुटतो. हेच क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन. ही फट आवाजाबरोबर लहान-मोठी होत नाही. म्हणून जोरात वाजताना ती लपते आणि हळू वाजताना उघडी पडते. हार्मोनियमचा सूर विरत जाताना शेवटी कागद चुरगळल्यासारखा खरखरला, तर तो स्पीकरचा दोष समजू नका, आधी बायस मोजा.

उपाय म्हणून दोन्ही ट्रान्झिस्टर सिग्नल नसतानाही किंचित चालू ठेवायचे. किंचित म्हणजे किती, यावरच सगळं ठरतं. दोन्ही एमिटरना आपण ०.३३ ओहमचा एकेक रेझिस्टर देतो. ट्रान्झिस्टरच्या आतही एमिटरचा स्वतःचा रोध असतो आणि तो करंटवर अवलंबून असतो: २६ ला मिलिअँपिअरने भागलं की ओहममध्ये आकडा येतो. शांत असताना दोन्ही बाजू मिळून स्पीकर सांभाळतात, म्हणून एकत्रित रोध बाहेरचा अधिक आतला, भागिले दोन. जोराच्या सिग्नलला एकच बाजू चालू असते, तिचा आतला रोध नगण्य होतो आणि बाहेरचा ०.३३ तेवढा उरतो. आतला आणि बाहेरचा रोध सारखा ठेवला, तर दोन्ही अवस्थांत उत्तर ०.३३ च येतं आणि सिग्नलला शून्याजवळ खड्डा लागत नाही, उंचवटाही लागत नाही. २६ भागिले ०.३३ म्हणजे ७९ मिलिअँपिअर.

त्याहून कमी केला तर खड्डा पडतो. जास्त केला तर उंचवटा येतो, कारण शून्याजवळ दोघेही जोराने चालू असतात आणि बाहेर गेल्यावर एकच उरतो. म्हणजे "बायस वाढवला की आवाज गोड होतो" हा आपल्याकडचा समज एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. त्यापुढे डिस्टॉर्शनही वाढतं आणि हीटसिंकही तापतो.

मी ७९ ऐवजी ६० वर थांबतो. फिडबॅक उरलेला बारीक खड्डा भरून काढतो आणि उन्हाळ्यासाठी थोडी जागा उरते. ६० मिलिअँपिअर म्हणजे प्रत्येक ०.३३ वर २० मिलिव्होल्ट, आणि दोन्ही एमिटरच्या टोकांमध्ये मिळून ४० मिलिव्होल्ट. शांत बसलेलं मशीन तेव्हा ६८ व्होल्ट गुणिले ०.०६, म्हणजे साधारण ४ वॅट खातं. हीटसिंक कोमट लागेल एवढंच.

व्याजावर व्याज

आता अडचण. ट्रान्झिस्टर एक अंशाने तापला की त्याला तेवढ्याच करंटसाठी लागणारं बेस-एमिटर व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टने कमी होतं. बायसचं व्होल्टेज तसंच राहिलं तर करंट वाढतो. करंट वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने पुन्हा करंट वाढतो. सावकाराच्या व्याजासारखं हे चक्र आहे. पण प्रत्येक चक्र हाताबाहेर जातंच असं नाही, आणि ते आकड्याने तपासता येतं. एक अंश वाढीने जी जादा उष्णता होते, ती पुन्हा किती अंश वाढवते? उत्तर एकापेक्षा कमी असेल तर वाढ हळूहळू थांबते. एकापेक्षा जास्त असेल तर थर्मल रनअवे, आणि मग फ्यूज आधी जातो की ट्रान्झिस्टर, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्या मशीनचा हिशोब मांडू. २एससी ५२०० च्या आतल्या चकतीपासून केसपर्यंत दर वॅटला ०.८३ अंश. मायका आणि पेस्टचे साधारण ०.५. हीटसिंक दर वॅटला १ अंशाचा आहे, पण दोघेही त्यावर बसलेत, म्हणून एकाच्या वाट्याला २ धरू. बेरीज ३.३ अंश.

एमिटर रेझिस्टर नसता तर ६० मिलिअँपिअरला आतला रोध ०.४३ ओहम असतो. एक अंशाला २ मिलिव्होल्ट, म्हणजे ४.६ मिलिअँपिअरची वाढ. ३४ व्होल्टने गुणलं की ०.१६ वॅट, आणि त्याने ०.५ अंश. अजून ठीक वाटतं. पण करंट एकदा १५० वर गेला की आतला रोध ०.१७ उरतो, वाढ ११.५ मिलिअँपिअरची होते आणि उत्तर १.३ अंश येतं. तिथून परत येणं नाही.

०.३३ लावल्यावर आतला रोध कितीही घटला तरी बाहेरचा राहतोच. सर्वांत वाईट वेळी २ भागिले ०.३३, म्हणजे ६ मिलिअँपिअर, ०.२ वॅट, ०.७ अंश. चक्र थांबतं. ०.२२ लावला तर उत्तर एकाच्या काठावर येतं. आणि ०.१ लावला तर २.२ अंश, म्हणजे सरळ रनअवे.

भजन मंडळाच्या मशीनमध्ये एका बाजूचा ०.३३ जळाल्यावर कुणीतरी ०.१ बसवलेला होता. दुकानात तोच मिळाला असेल. पाच वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर दिसायला सारखाच असतो, त्यामुळे अंगावर छापलेला आकडा वाचल्याशिवाय बसवू नका. तारेचा तुकडा जोडून वेळ मारून नेलेलेही मी पाहिलेत.

वरच्या हिशोबात मी फक्त आउटपुटचे ट्रान्झिस्टर धरले. ड्रायव्हरचे बेस-एमिटरही त्याच साखळीत आहेत आणि तेही तापतात, म्हणून खरी स्थिती याहून थोडी वाईट असते. एमिटर रेझिस्टर एकटा पुरत नाही, त्याला सोबत लागते.

उष्णता ओळखणारा ट्रान्झिस्टर

ती सोबत बीडी १३९ करतो. ड्रायव्हरच्या दोन बेसमध्ये त्याला उभा जोडला की तो स्वतःचं बेस-एमिटर व्होल्टेज रेझिस्टरच्या प्रमाणात मोठं करून देतो:

```
Vbias = Vbe × (1 + R1 / R2)
```

`R1` कलेक्टर आणि बेसमध्ये, `R2` बेस आणि एमिटरमध्ये. आपल्या साखळीत चार बेस-एमिटर आहेत, दोन ड्रायव्हरचे आणि दोन आउटपुटचे, म्हणून साधारण २.४ व्होल्ट लागतात. बीडी १३९ चे ०.६२ धरले तर कंसातला आकडा ३.९ च्या जवळ येतो. आता यातली खुबी बघा. बीडी १३९ एक अंशाने तापला की त्याचे २ मिलिव्होल्ट घटतात, आणि ते चौपट होऊन बायस ८ मिलिव्होल्टने खाली येतो. साखळीतले चारही बेस-एमिटर एक अंशाने तापले तर त्यांची गरजही ८ नेच कमी होते. हिशोब जुळला. अट एकच, पाचही जणांचं तापमान सोबत वाढलं पाहिजे.

`R1` साठी १.८ किलो-ओहम आणि `R2` च्या जागी ४७० ओहमच्या पुढे ५०० ओहमचा प्रीसेट घ्या. प्रीसेट नेहमी बेस-एमिटरच्याच बाजूला हवा. जुन्या प्रीसेटची सरकती टोच धुळीने, आपल्याकडे तर कापसाच्या तंतूनेही, अधूनमधून सुटते. ती या बाजूला सुटली तर बायस कमी होतो, आवाज खरखरतो, पण मशीन वाचतं. तोच प्रीसेट कलेक्टरच्या बाजूला असेल आणि सुटला, तर बीडी १३९ पूर्ण बंद होतो, बायस एकदम वर जातो आणि आउटपुट जोडी क्षणात जाते. टोच प्रीसेटच्या एका टोकालाही जोडून ठेवा. मग ती सुटली तरी पूर्ण ५०० ओहम सर्किटमध्ये राहतात.

आता मंडळाचं मशीन का जळलं ते. त्यात बीडी १३९ होता, पण सर्किट बोर्डावर सोल्डर केलेला, हीटसिंकपासून चार बोटं लांब. जानेवारीत चालून गेलं. मे महिन्याच्या दुपारी आउटपुट आणि ड्रायव्हर बसलेला हीटसिंक सकाळच्या ३० वरून ७५ अंशांवर गेला असं धरू. ४५ अंशांची वाढ म्हणजे बायस ३६० मिलिव्होल्टने खाली यायला हवा होता. बोर्डाजवळची हवा मात्र १५ अंशांनीच तापली, म्हणून बीडी १३९ ने १२० च उतरवले. २४० मिलिव्होल्ट शिल्लक राहिले आणि ते दोन एमिटर रेझिस्टरवर जाऊन पडले. दोन्ही ०.३३ असते तरी करंट पाऊण अँपिअरच्या निम्म्याजवळ, ०.३५ च्या आसपास गेला असता. म्हणजे एकही सूर न वाजता २५ वॅटच्या घरात उष्णता. त्यात एका बाजूला ०.१. त्या दिवशी मंडळी जेवायला बसली होती, मशीन चालूच होतं आणि माइक बंद. जळालं ते त्या शांततेत.

बसवण्याची पद्धत

बीडी १३९ आउटपुटच्या दोन ट्रान्झिस्टरांच्या मधोमध, त्याच हीटसिंकवर, त्यांच्या शक्य तितक्या जवळ स्क्रूने घट्ट बसवा. त्याची उघडी धातूची बाजू कलेक्टर असते, ती सिंककडे, मध्ये मायका आणि दोन्ही बाजूंना पेस्टचा अगदी पातळ थर. छापलेली बाजू समोर आणि पाय खाली धरले, तर डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. टीआयपी ४१सी आणि २एससी ५२०० मध्ये क्रम बेस, कलेक्टर, एमिटर असा आहे. एका दमात सगळे सोल्डर करताना इथे हमखास चूक होते.

पेस्ट जास्त थापली की काम चांगलं होतं असं नाही. पेस्ट फक्त बारीक खाचा भरायला असते. जाड थर उष्णता अडवतो.

ड्रायव्हरही त्याच हीटसिंकवर घ्या. ते बाहेर थंड राहिले, तर बीडी १३९ चौघांचा विचार करून बायस उतरवतो आणि तापलेले मात्र दोघेच असतात. मग उलटी गोष्ट घडते: जोरात वाजवून मशीन तापलं की बायस गरजेपेक्षा खाली जातो, आणि आवाज कमी केल्यावर खरखर ऐकू येते. हे मशीन जळत नाही, म्हणून कुणी दुरुस्तीलाही आणत नाही. "गरम झालं की आवाज बसतो" म्हणत वर्षानुवर्षं वापरतात.

बीडी १३९ ला लांब तारा लागत असतील तर तिन्ही पिळून घ्या आणि कलेक्टर-एमिटरमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बोर्डावर ठेवा. आउटपुटला १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी जमिनीकडे हवीच. नाही तर मशीन कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच डोलतं आणि हीटसिंक तापवतं. ही खूण लक्षात ठेवा: सिग्नल नाही, तरी सिंक तापतो आणि तारेला बोट लावलं की मिलिव्होल्टचा आकडा उडतो, तर ते रनअवे नाही, डोलणं आहे. प्रीसेट फिरवून ते जाणार नाही.

पहिल्यांदा चालू करताना

चालू करण्याआधी प्रीसेट जास्तीत जास्त रोधावर न्या, म्हणजे बायस सर्वांत कमी. मीटरने प्रत्येक ट्रान्झिस्टरचा कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यात जोड नाही ना ते बघा. मायकाला सुईएवढं छिद्र असलं किंवा खाली धातूचा कीस अडकला तरी रेल हीटसिंकला भिडते, आणि असं दोन्ही बाजूंना झालं तर दोन रेल हीटसिंकमधून भेटतात.

मग सिरीज बोर्डावर, १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून, स्पीकर न जोडता आणि इनपुट जमिनीला जोडून चालू करा. बल्ब एकदा चमकून मंदावला पाहिजे. तेजस्वी राहिला तर लगेच बंद करा आणि चूक शोधा. मंदावला असेल तर दोन्ही रेल जवळपास सारख्या आहेत का आणि आउटपुटवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत आहे का ते मोजा. एलईडी बल्ब या कामाचा नाही, त्याचा रोध तापून वाढत नाही.

बायस मात्र सिरीज बल्बवर लावू नका. बल्ब असताना रेल खाली असतात, तिथे लावलेला आकडा थेट लाइनवर वाढतो. मशीन बंद करा, मोठे कपॅसिटर एखाद्या रेझिस्टरने रिकामे करा, बल्ब काढा. रेलला २ अँपिअरचे फ्यूज ठेवा. मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर, दोन्ही टोचण्या आउटपुटच्या दोन एमिटरना चिमट्याने अडकवून. हातात टोचण्या धरून हे काम करू नका. एक टोचणी घसरून बेस आणि कलेक्टरला लागली की जोडी गेली.

चालू करा, प्रीसेट सावकाश फिरवा, २० मिलिव्होल्टवर थांबा. दहा मिनिटं काहीही करू नका. आकडा थोडा सरकेल आणि स्थिर होईल. एकसारखा चढत राहिला तर बीडी १३९ ची बैठक तपासा, पुढे जाऊ नका. स्थिर झाल्यावर ४० वर आणा, झाकण लावा आणि वीस मिनिटांनी पुन्हा वाचा. प्रीसेट उघड्या मशीनवर लावला आणि मग झाकण लावलं तर आकडा बदलतो. मशीन गावात झाकण लावूनच चालणार आहे.

दोन्ही ०.३३ वरचा आकडा वेगवेगळाही मोजा. स्पीकर नसताना दोन्हींवर जवळपास सारखेच मिलिव्होल्ट यायला हवेत. मंडळाच्या मशीनमध्ये एकीकडे २० आणि दुसरीकडे ६ दाखवत होतं, तिथेच तो ०.१ सापडला.

खरी परीक्षा

बाहेर थंडीत शांत बसलेल्या मशीनचा आकडा फार काही सांगत नाही. तापवून बघावं लागतं. आठ ओहमचा डमी लोड विकत घ्यायची गरज नाही. किराणा-जनरल दुकानात शेगडीची १००० वॅटची कॉइल मिळते. ती पूर्ण साधारण ५३ ओहमची असते. तिचा सुमारे सहावा-सातवा भाग मीटरने मोजून कापा, चिनी मातीच्या तुकड्यावर गुंडाळा आणि टोकं स्क्रूने आवळा, कारण तिला सोल्डर धरत नाही. मोजताना मीटरच्या स्वतःच्या तारांचे दोन-तीन दशांश ओहम वजा करा.

क्लास एबीचं मशीन पूर्ण आवाजाला सर्वांत जास्त तापत नाही, मधल्या आवाजाला तापतं. आपल्या रेलवर तो बिंदू लोडवर साधारण १५ व्होल्ट एसी असताना येतो, आणि तेव्हा दोन्ही ट्रान्झिस्टर मिळून २९ वॅट खातात. मोबाइलमधल्या टोन जनरेटरवरून २०० हर्ट्झचा सूर द्या. स्वस्त मीटर उच्च वारंवारतेवर एसी चुकीचं दाखवतो, म्हणून २०० बरे. वीस मिनिटं चालवा. मांडवात ४५ अंश असतील तर दर वॅटला १ अंशाचा सिंक ७८ च्या आसपास जाईल, आणि आतली चकती १०० च्या जवळ. हे चालतं. सिंकवर बोट एक क्षणही टिकणार नाही, त्याने घाबरू नका. पण त्याच मशीनला दोन स्पीकर समांतर लावून ४ ओहम केलं तर उष्णता दुप्पट होते आणि हा सिंक पुरत नाही. गावात "अजून एक भोंगा लावून दे" म्हणतात, तेव्हा नेमकं हेच होतं.

सूर चालू असताना एमिटरवरचे मिलिव्होल्ट निरर्थक असतात. सूर एकदम बंद करा आणि त्या क्षणापासून आकडा बघा. चकती क्षणात तापते, सिंक आणि बीडी १३९ ला मात्र मिनिटं लागतात. म्हणून सूर थांबताच आकडा थोडा वर दिसतो आणि उतरू लागतो. आमच्या मशीनवर दुरुस्तीनंतर ५८ दिसले, अर्ध्या मिनिटात ४५, आणि पुढे तो ४० च्या आसपास रेंगाळला. असा आकडा हवा. सूर बंद करूनही आकडा चढत असेल तर ताबडतोब बंद करा. १० च्याही खाली गेला असेल तर बीडी १३९ जास्तच उतरवतोय, ड्रायव्हर बाहेर राहिलेत का ते बघा, किंवा बीडी १३९ आउटपुटपासून थोडा लांब सरकवा.

यानंतर कानाची परीक्षा. १००० हर्ट्झचा सूर, अगदी हळू, कान स्पीकरजवळ. शिट्टीसारखा स्वच्छ हवा. त्यावर बारीक खरखर असेल तर बायस ५-५ मिलिव्होल्टने वाढवत जा आणि खरखर गेल्यावर थांबा. ५२ च्या पुढे मात्र जाऊ नका, तोच आपला ७९ मिलिअँपिअरचा बिंदू. तिथेही खरखर गेली नाही तर दोष दुसरीकडे आहे.

लाइनचा चढउतार

एवढं करूनही गावात एक गोष्ट उरते. रात्री शेतीपंप चालू झाले की गावची लाइन १९० वर येते, पंप बंद झाले की २५० च्या पुढे. रेल त्यासोबत २८ पासून ३८-३९ पर्यंत हलतात. व्होल्टेज वाढवणाऱ्या ट्रान्झिस्टरला करंट देण्यासाठी जुन्या सर्किटात दोन रेझिस्टर आणि कपॅसिटरचं बूटस्ट्रॅप असतं, आणि तो करंट रेलच्या प्रमाणात बदलतो. बीडी १३९ मधून जाणारा करंट ६ मिलिअँपिअरवरून ७ वर गेला, की त्याच्यावरचं व्होल्टेज ३५-४० मिलिव्होल्टने वाढतं. आपला सगळा बायसच चाळीस मिलिव्होल्टचा! साठ मिलिअँपिअरचे ऐंशी होतात, आणि लाइन पडली की चाळिशीच्या आत येतात. हिवाळ्याच्या रात्री झाडीपट्टीच्या नाटकात पहाटे खरखर का येते, याचं उत्तर बरेचदा इथेच असतं.

चांगला उपाय म्हणजे बूटस्ट्रॅप काढून ट्रान्झिस्टरचा करंट सोर्स लावणं. तो नको असेल तर एक रेझिस्टरही पुष्कळ काम करतो: बीडी १३९ च्या कलेक्टरला ३९ ओहम. वरची करंटची तार आणि `R1` त्या ३९ ओहमच्या वरच्या टोकाला, आणि वरच्या ड्रायव्हरचा बेस खालच्या टोकाला, म्हणजे थेट कलेक्टरला. करंट वाढून जेवढं व्होल्टेज वर चढतं, जवळपास तेवढंच त्या ३९ ओहमवर पडतं, आणि ड्रायव्हरला दिसणारा बायस जागेवर राहतो. हा रेझिस्टर बसवल्यावर बायस ०.२ व्होल्टने खाली येतो, तेव्हा प्रीसेट पुन्हा लावावा लागतो.

सुट्या भागांबद्दल एवढंच की २एससी ५२०० च्या नावाने नकली माल भरपूर येतो. जळालेला एखादा हातोडीने फोडून बघा. आतली चकती मोहरीच्या दाण्याएवढी निघाली तर ते काहीतरी लहान ट्रान्झिस्टर छापून विकलेलं आहे, आणि वर मांडलेला ०.८३ अंशांचा हिशोब त्याला लागू होत नाही. अशा जोडीवर ३४ व्होल्टची रेल देऊ नका. मंडळाच्या मशीनमधून काढलेले दोन्ही मी फोडले. एकात चकती मोठी होती, दुसऱ्यात मोहरी.